'मीठ' ऐकू येत नाही पण उतरलेली रीड कळते, असं का?

प्रश्न : आम्ही इंदूरचे. बाबा ७४ वर्षांचे, चाळीस वर्षं पेटी वाजवली आणि शिकवली. आता कमी ऐकू येतं. ऑडिओग्राम दोन्ही कानांचा सारखाच आहे, २५० हर्ट्झला २० डेसिबल, ५०० ला २५, १००० ला ३०, २००० ला ५५, ४००० ला ७५, ८००० ला ८५. डॉक्टर म्हणाले नसेची कमजोरी आहे, वरच्या फ्रिक्वेन्सी गेल्या. आई 'मीठ द्या' म्हणाली की 'मूठ?' असं विचारतात, पण पेटीतली एक रीड जराशी उतरली तर पलीकडच्या खोलीतून सांगतात. वरचं गेलंय तर सूर कसा कळतो? आणि मशीन लावलं की आवाज मोठा होतो पण स्पष्ट होत नाही, ते का?

उत्तर :

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ऑडिओलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं झाली, आणि या गावात गाण्याबजावण्याची माणसं एवढी की तुमच्या बाबांसारखा ऑडिओग्राम माझ्या टेबलावर महिन्यातून दोनदा तरी येतोच. अडचण मुळात एका शब्दाची आहे. पेटीवर आपण 'वरचा सूर' म्हणतो तो आणि ऑडिओग्रामवरची 'वरची फ्रिक्वेन्सी' या दोन गोष्टी घरात सगळे एकच धरतात, आणि मग सगळंच कोडं होतं. बेचाळीस पट्ट्यांच्या पेटीवर अगदी उजवीकडची शेवटची पट्टी दाबली तरी तो सूर चौदाशे हर्ट्झच्या आसपास असतो. बाबांचा आलेख खरा कोसळतो तो २००० पासून, म्हणजे पेटी जिथे संपते त्याच्याही पलीकडे. पेटीचा एकही मूळ सूर त्यांच्या गेलेल्या भागात येत नाही.

मग गेलंय काय, हे कळायला कानाच्या आत जावं लागेल. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

कॉक्लिया म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी. तिच्या आत लांबीभर एक पट्टी ताणलेली असते, बेसिलर मेंब्रेन (संगीतातली काळी एक, काळी दोन वाली पट्टी नव्हे). वेढे सोडवून सरळ केली तर जेमतेम ३५ मिलिमीटर. कानाचा पडदा हलला, त्याच्यामागची तीन हाडं हलली, शेवटच्या हाडाने कॉक्लियाच्या खिडकीवर धक्का दिला, की आतल्या द्रवातून त्या पट्टीवर लाट निघते. पट्टी सगळीकडे सारखी नसते. खिडकीजवळ, म्हणजे बेसला, ती अरुंद आणि ताठ असते, आणि शंखाच्या टोकाकडे जाताना रुंद आणि सैल होत जाते. त्यामुळे लाट निघते बेसलाच पण प्रत्येक फ्रिक्वेन्सीची लाट आपापल्या जागी जाऊन उंच उठते आणि त्याच्यापुढे लगेच मरते. तीक्ष्ण आवाजाची लाट खिडकीजवळच संपते, खर्जाची लाट पार टोकापर्यंत चालत जाते. सतरंजीचं एक टोक धरून झटकली की लाट पुढे पळते ना, तसंच, फक्त इथे सतरंजी पुढे पुढे सैल होत गेलेली आहे. बहुतेक लोकांना उलटं वाटतं, शंखाच्या टोकाला वरचे सूर असतील असं. तसं नाही, टोकाला खर्ज.

ही चालती लाट प्रत्यक्ष पाहिली गेओर्ग फॉन बेकेशीने, १९६१ चं नोबेल त्यालाच मिळालं. पण त्याने पाहिली मेलेल्या माणसांच्या कानात, आणि तिथे लाटेचा उंचवटा फार पसरट दिसला. इतक्या पसरट लाटेतून इतके बारीक सूर कसे कळतात हे तेव्हा कुणालाच नीट जुळवता येईना. हा धागा लक्षात ठेवा, मशीनच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यातच आहे.

आता बाबांच्या भाषेत बोलू. संगीताच्या पुस्तकात मध्य सा २४० आंदोलनांचा धरतात, तोच घेऊ. पट्टीवर कुठली फ्रिक्वेन्सी कुठे बसते याचं ग्रीनवुडचं एक सूत्र आहे, त्याने हिशोब केला तर २४० चा सा टोकापासून सुमारे ६ मिलिमीटरवर येतो. त्याच्यावरचा ४८० चा सा साडेनऊवर, ९६० चा चौदाच्या थोडा अलीकडे, १९२० चा अठरावर, ३८४० चा तेवीसवर, ७६८० चा अठ्ठावीसवर. म्हणजे प्रत्येक सप्तकाला साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जागा, पेटीच्या पट्ट्यांसारखीच ओळीने. पण गंमत बघा, पट्टीचा बरोबर मधला बिंदू येतो साधारण १७०० हर्ट्झला. पट्टीची अख्खी अर्धी लांबी अशा आवाजांना दिलेली आहे की ज्यात पेटीची एकही रीड मूळ सूर म्हणून वाजत नाही. बाबांचा हाच खिडकीकडचा अर्धा भाग खराब झालाय. पेटीवाल्याच्या दृष्टीने जवळजवळ काही गेलं नाही, आणि कानाच्या दृष्टीने अर्धं दुकान बंद.

मग तो अर्धा भाग असतो कशासाठी? व्यंजनांसाठी आणि काही स्वरांच्या ओळखीसाठी. तुमच्या मीठ-मूठचं उदाहरण तर मी शिकवायला वापरीन असं आहे. 'ई' आणि 'ऊ' दोन्हीत तोंडाच्या पोकळीमुळे खाली साधारण तीनशे हर्ट्झला एक जोर येतो, तो दोघांत जवळपास सारखाच. फरक असतो दुसऱ्या जोरात, 'ऊ' चा दुसरा जोर हजाराच्या खालीच येतो आणि 'ई' चा जातो बावीसशे-तेवीसशेला. बाबांना खालचा जोर नीट मिळतो, वरचा मिळतच नाही किंवा अगदी पुसट मिळतो. आता ज्या 'ई' चा वरचा भाग कापलाय तो ऐकायला कसा लागेल? 'ऊ' सारखाच. त्यात 'म' आणि 'ठ' कडून फारशी मदत नाही, म्हणून मीठचं मूठ. त्यांचं लक्ष नसतं वगैरे काही नाही, त्यांच्या कानाने जे दिलं त्याचा सगळ्यात जवळचा शब्द मूठच आहे. 'स' ची तीच गत, त्याची सगळी फुसफुस चार हजाराच्या आसपास आणि वर असते आणि साध्या बोलण्यात ती तिशीच्या आसपास डेसिबलची असते, तिथे बाबांना ७५ लागतात. 'साठ' म्हणा, त्यांना 'आठ' ऐकू येईल. घरीच करून बघा, हातभर अंतरावर बसा, तोंडापुढे कागद धरा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि साठ-आठ, मीठ-मूठ उलटसुलट दहा-दहा वेळा म्हणा. किती चुकतात ते लिहून ठेवा, मशीन लावून परत करा. डॉक्टरकडे गेलात की 'ऐकू येत नाही' यापेक्षा हा कागद जास्त कामाचा.

आता उतरलेल्या रीडकडे येऊ, हा माझा आवडता भाग आहे. समजा पेटी खर्ज-नर अशी दोन रीडची आहे, एक पट्टी दाबली की खर्जाची २४० ची आणि नराची ४८० ची रीड एकत्र बोलतात. नराची रीड उतरून ४७७ झाली. खर्जाच्या रीडमध्ये फक्त २४० नसतात, तिच्यात ४८०, ७२०, ९६० असे पटीतले उपस्वर पण भरपूर असतात. तिचा ४८० चा उपस्वर आणि उतरलेला ४७७ कानातल्या पट्टीवर जवळजवळ एकाच जागी लाट उठवतात. दोघांतलं अंतर मोजलं तर एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले पस्तीस, म्हणजे आत ओळीने बसलेल्या हेअर सेल्सपैकी जेमतेम तीन-चार पेशी. आणि अशा एका सुराच्या लाटेचा उंचवटा निरोगी कानातसुद्धा जवळजवळ एक मिलिमीटर, म्हणजे नव्वदेक पेशी व्यापतो. त्यामुळे त्या जागेवर दोन वेगळे उंचवटे दिसूच शकत नाहीत, एकच दिसतो, पण तो सेकंदाला तीनदा फुगतो आणि बसतो. बाबा म्हणत असतील 'सूर डोलतोय' किंवा 'लाट येतेय'. ते डोलणं त्यांना पलीकडच्या खोलीतून कळतं कारण ते घडतं टोकापासून साडेनऊ मिलिमीटरवर, आणि त्यांचा तो भाग ५०० ला २५ म्हणजे वयाच्या मानाने झकास आहे.

पण समजा रीड एकटीच वाजतेय, तुलनेला दुसरी नाही, तरी तयार कान ४८० आणि ४७७ ओळखतो, पाचशेच्या आसपास चांगल्या कानाला एक-दोन हर्ट्झचा फरक कळतो. नव्वद पेशींचा उंचवटा तीन पेशींनी सरकला हे कळायला फक्त जागेचा हिशोब पुरेल का, यावर शंभरेक वर्षं वाद झालेत. माझ्या समजुतीप्रमाणे इथे दुसरी व्यवस्था जास्त काम करते, वेळेची. त्यासाठी पेशीच्या आत डोकवावं लागेल, कारण आवाजाची वीज होते ती तिथेच.

पट्टीवर हेअर सेल्सच्या रांगा असतात, आतली एक रांग, साधारण साडेतीन हजार पेशी, आणि बाहेरच्या तीन रांगा मिळून बारा हजाराच्या आसपास. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर केसांसारख्या काड्यांचा झुबका, काड्या उंचीने लावलेल्या, बुटक्यापासून उंचापर्यंत, शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेसारख्या. बुटक्या काडीच्या टोकापासून शेजारच्या उंच काडीपर्यंत एक अतिसूक्ष्म धागा बांधलेला असतो, त्याला टिप लिंक म्हणतात. पट्टी वर उचलली गेली की झुबका उंच काड्यांच्या बाजूला वाकतो, धागे ताणले जातात आणि काड्यांच्या टोकांवरची बारीक दारं उघडतात. खाली गेली की झुबका उलटा वाकतो, धागे सैल, दारं बंद. अगदी हळू आवाजाला हे वाकणं एका नॅनोमीटरच्याही आत असतं.

दार उघडल्यावर आत काय येतं? पोटॅशियम. शरीरात इतर बहुतेक ठिकाणी पेशीबाहेर सोडियम जास्त असतं, इथे झुबका ज्या द्रवात बुडालेला असतो त्यात पोटॅशियम भरलेलं आहे आणि तो द्रव अधिक ८० मिलिव्होल्टवर ठेवलेला आहे. पेशी आतून उणे पन्नासच्या आसपास. दोघांत सव्वाशेच्या वर मिलिव्होल्टचा उतार, त्यामुळे दार किलकिलं झालं की पोटॅशियम आपोआप आत घुसतं, पेशीला स्वतःची ताकद लावावीच लागत नाही. तो ८० चा दाब राखायचं काम बाजूच्या भिंतीतला एक रक्तवाहिन्यांनी भरलेला पट्टा चोवीस तास करतो. आतल्या पेशीचा व्होल्टेज वर गेला की तिच्या तळाशी कॅल्शियम आत येतं, ग्लुटामेट बाहेर पडतं, आणि खाली चिकटलेल्या दहा-वीस नसेच्या तंतूंपैकी काही ठोके देतात. संपलं, हवेतला आवाज नसेतली वीज झाला.

यात कामाची गोष्ट ही की दारं फक्त एकाच बाजूला वाकल्यावर उघडतात. म्हणजे ४८० च्या सुराला नसेचा ठोका पडेल तेव्हा तो लाटेच्या त्याच टप्प्यावर पडेल, मधेच कुठेही नाही. एक तंतू प्रत्येक लाटेला ठोका देऊ शकत नाही, तो सेकंदाला काही शेच ठोके देतो, पण शेजारचे पाच-पन्नास तंतू आळीपाळीने देतात आणि सगळ्यांचे मिळून लाटेचं माप अचूक निघतं. मैफलीत चार जण टाळी देत असतील आणि प्रत्येक जण एखाद-दुसरी सोडत असेल तरी समेवरच देत असतील, तर ठेका कळतोच ना, तसं. ४८० ची एक लाट २.०८ मिलिसेकंदाची, ४७७ ची २.०९६, हा एवढासा फरक मेंदू अनेक तंतूंचे आणि अनेक लाटांचे ठोके जमा करून काढतो. ही वेळेची पद्धत साधारण चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत चालते असं प्राण्यांवरच्या मोजमापात दिसतं, त्याच्यावर व्होल्टेज लाटेबरोबर वरखाली होऊच शकत नाही, ठोके विस्कटतात आणि मग फक्त जागाच उरते. पाच हजाराच्या वरच्या आवाजात आपल्याला चाल नीट ओळखता येत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

आणि एक. सूर ठरवायला मूळ फ्रिक्वेन्सीच लागते असंही नाही. जुन्या लँडलाइनवर साधारण ३०० ते ३४०० एवढंच यायचं, तरी १२० हर्ट्झवर बोलणाऱ्या माणसाचा आवाज जाडाच वाटायचा, बाईचा वाटायचा नाही. ३६०, ४८०, ६०० हे उपस्वर मेंदूला पुरतात, त्या सगळ्यांचं माप १२० लाच जुळतं. म्हणून सुराची खरी मदार खालच्या पाच-सात उपस्वरांवर असते. २४० च्या सा चे आठ उपस्वर १९२० पर्यंत येतात, त्यातले पहिले चार-पाच बाबांच्या चांगल्या भागात आहेत. सूर जायचं कारणच नाही. गेलं असेल तर आवाजाचं तेज, रीडचा करकरीत पणा. त्यांना विचारून बघा, पेटी हल्ली 'बसकी' वाटते का. बहुतेक हो म्हणतील.

आता मशीन. त्या बेकेशीच्या पसरट लाटेकडे परत. जिवंत कानात उंचवटा पसरट नसतो, अणकुचीदार असतो, आणि तो तसा करतात बाहेरच्या तीन रांगांतल्या हेअर सेल्स. मेंदूला आवाज पोचवायचं काम बहुतेक आतल्या रांगेचं, बाहेरच्या रांगा पट्टीलाच धक्का देतात. त्यांच्या भिंतीत प्रेस्टिन नावाचं प्रोटीन असतं, व्होल्टेज बदलला की ते आकार बदलतं, आणि पेशी प्रत्येक लाटेबरोबर आखूड-लांब होते. झोका घेणाऱ्या पोराला बरोबर वेळेला हात लावला की झोका वाढतो तसं. हळू आवाजाला ही मदत चाळीस ते साठ डेसिबलपर्यंत असते, मोठ्या आवाजाला जवळजवळ शून्य. आणि मदत फक्त त्या त्या जागेपुरती, म्हणून उंचवटा टोकदार. या धडपडीतून थोडा आवाज उलटा बाहेरही येतो, कानात बारीक माइक घालून तो पकडता येतो, डेव्हिड केम्पने १९७८ मध्ये दाखवलं. नवजात बाळांची ओएई तपासणी करतात ती हीच. बाबांची केली तर माझ्या अंदाजाने हजाराला थोडं सापडेल आणि दोन हजाराच्या वर काहीच नाही.

वयाने, गोंगाटाने, काही अँटिबायोटिक इंजेक्शनांनी आधी मरतात त्या याच बाहेरच्या पेशी, आणि सुरुवात होते बेसपासून. पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या पिल्लाच्या कानात उगवतात, आपल्या नाही, काय करणार. त्या गेल्या की एकाच वेळी तीन गोष्टी होतात, आणि मशीन त्यातल्या पहिल्या दोनच सांभाळू शकतं.

पहिली, हळू आवाज ऐकू येत नाही. हे मशीन भरून काढतं.

दुसरी, मदत फक्त हळू आवाजाची गेली, मोठा आवाज पूर्वीसारखाच मोठा आहे. २००० ला बाबांना ऐकू यायला लागतं ५५ ला, आणि त्रास व्हायला लागतो बहुतेक शंभरच्या आसपासच, सगळ्यांसारखा. आपल्याला शंभर डेसिबलचं मैदान, त्यांना पंचेचाळीसचं. म्हणून तुमच्या घरी नक्की हे होत असणार, 'काय? मोठ्याने बोल', आणि मोठ्याने बोललं की 'ओरडतोस कशाला'. मशीनमध्ये याचा उपाय आहे, हळू आवाज जास्त वाढवायचा आणि मोठा कमी, पण त्याचं सेटिंग करावं लागतं, दुकानात कानात घालून दिलं आणि निघालं असं होत नाही.

तिसरी, उंचवटा पसरट झाला. बेकेशीच्या प्रेतासारखा, वाईट वाटेल पण तसंच आहे. निरोगी कानात दोन हजाराच्या आसपास एका उंचवट्यात साधारण २४० हर्ट्झ मावतात, बाबांच्या दुप्पट-तिप्पट मावत असतील. मग 'ई' चा तेवीसशेचा जोर, शेजारी चाललेला मिक्सर आणि टीव्हीवरचा माणूस, सगळे एकाच उंचवट्यात मिसळतात. मशीनने तो उंचवटा मोठा केला तरी तो पसरटच राहतो. धुरकट चष्म्याच्या काचेमागे वीजेचा मोठा दिवा लावल्यासारखं. 'आवाज मोठा होतो पण स्पष्ट होत नाही' याचं मुख्य कारण हे, आणि कितीही महागाचं मशीन घेतलं तरी पट्टीवरची लाट परत टोकदार होत नाही. म्हणून बोलताना मिक्सर बंद करणं, समोर येऊन बोलणं, हे मशीनइतकंच खरं औषध.

चार हजाराबद्दल थोडं वेगळं सांगतो. बाहेरच्या सगळ्या पेशी गेल्या तरी साधारण पन्नास-साठ डेसिबलचंच नुकसान होतं. बाबांचं ७५ आहे, म्हणजे तिथे आतल्या रांगेला पण धक्का बसलेला असणार. आतल्या पेशी पार गेल्या असतील तर त्या जागेवरून नसेला काहीच जात नाही, मग मशीनने कितीही वाढवलं तरी ऐकणार कोण? अशा भागाला आम्ही डेड रीजन म्हणतो. तिथे मोठा आवाज दिला की शेजारच्या जिवंत भागापर्यंत लाट पसरते आणि माणूस बटण दाबतो, ऑडिओग्रामवर ठिपका पडतो, पण ऐकलेलं असतं दुसऱ्याच जागेने. ओळखायला विशिष्ट गोंगाट लावून करायची टीईएन नावाची टेस्ट आहे, सगळीकडे होत नाही. साधी खूण अशी की चार हजाराचा टोन मोठ्याने दिल्यावर विचारायचं, शिट्टीसारखा लागतो का खरखरीसारखा. खरखर म्हणाले तर मला शंका येते, खात्री नाही, शंका. डेड रीजन निघालं तर त्याच्या काठाच्या फार वर आवाज वाढवण्यात मी वेळ घालवत नाही, त्याने फक्त त्रास आणि मशीनची शिट्टी वाढते.

इथे एक चूक माझीच सांगतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त संगीत शिक्षक आले होते, आलेख जवळपास तुमच्या बाबांसारखा. मी मशीनमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी खाली सरकवायचं फीचर चालू केलं, म्हणजे 'स' ची फुसफुस चार-पाच हजारावरून अडीच हजाराच्या आसपास आणून ठेवायची, जिथे थोडं तरी ऐकू येतं. बोलणं सुधारलं. आठवड्याने आले ते रागावूनच, 'पेटी बेसूर केलीत माझी'. आणि बरोबर होतं त्यांचं, उपस्वर सरकवले की ते २४० च्या पटीत राहत नाहीत. त्यात शिट्टी दाबणारं फीचर पेटीचा लांब धरलेला सूर म्हणजे मशीनची शिट्टी समजून तो मारायला बघत होतं, त्यामुळे सूर थरथरत होता. मी टेस्ट केली होती बोलण्यावर, पेटी वाजवून बघितलीच नव्हती. तेव्हापासून वाजवणारा माणूस आला की त्याला म्हणतो पेटी घेऊन या, किंवा मोबाइलवर तानपुरा तरी लावतो.

तर बाबांसाठी मशीनमध्ये दोन प्रोग्रॅम करून मागा. एक बोलण्याचा, त्यात काय हवं ते चालू. दुसरा संगीताचा, त्यात फ्रिक्वेन्सी सरकवणं बंद, गोंगाट कमी करणं बंद, शिट्टी दाबणं बंद किंवा कमीत कमी. आणि कानात बसवायचा भाग शक्यतो उघडा ठेवायला सांगा, हजाराच्या खालचं ते स्वतःच्या कानाने चांगलं ऐकतात, तो रस्ता बंद केला तर स्वतःचा आवाज घुमतो आणि ते मशीन काढून खिशात टाकतील. फक्त उघड्या कानात शिट्टी लवकर येते, म्हणून वर किती वाढवता येईल याला मर्यादा पडते, ते बसवणाऱ्याने समोर बसूनच ठरवावं लागेल.

मी कान पाहिलेला नाही हे लक्षात ठेवा. मळ असेल, ऑडिओग्रामवर हवेतून आणि हाडातून ऐकण्याच्या, म्हणजे एअर आणि बोनच्या, रेषांत फरक असेल, तर वरचं बरंच बदलतं. दोन कानांत पुढे कधी फरक पडला तर एकच सूर दोन कानांत थोडा वेगळा लागू शकतो, तेव्हा पेटी लावताना ते गोंधळतील. आणि एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत एकदम गेलं तर मशीनवाल्याकडे जाऊ नका, त्याच दिवशी ईएनटीकडे जा, तिथे दिवस मोजले जातात.

साठ-आठ आणि मीठ-मूठचा कागद करून झाला की आकडे इथे टाका, मशीनशिवाय आणि मशीनसह, दोन्ही. 'ई' सुधारलाय आणि 'स' नाही असं निघालं तर दोन हजारापर्यंत मशीन काम करतंय आणि चार हजाराला प्रश्न आहे, मग त्या टीईएन टेस्टसाठी इंदुरात शोधाशोध करायला अर्थ आहे.